आतला माणूस गेल्यावर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या गेटवर मी वही भरत होतो. 'कोणास भेटायचे' या रकान्यात नेहमीचं नाव लिहिलं. वॉचमननं ते वाचलं आणि म्हणाला, "ते साहेब गेले की सोडून. महिना झाला. चाकणला लागलेत म्हणे."

मी सांगलीत एअर कॉम्प्रेसर विकतो. या कारखान्यात माझं १४.५ लाखांचं कोटेशन ऑक्टोबरपासून पडून होतं. मेंटेनन्स मॅनेजरनं स्वतः बोलावून घेतलं होतं, आठवडाभर मीटर लावू दिला होता आणि "डिसेंबरात ऑर्डर धरा" असंही सांगितलं होतं. मग डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मी दर आठवड्याला त्यांना एक मेसेज टाकत होतो आणि ते 'बघतो' म्हणत होते. ते नोटीस पिरियडवर असतानाही मी तोच मेसेज पाठवत होतो, हे त्या दिवशी कळलं.

काय विकायचं होतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांच्याकडे ५५ किलोवॉटचे दोन स्क्रू कॉम्प्रेसर आहेत, दोन्ही एकाच वेगानं चालणारे. पहिला सतत पूर्ण भारावर असतो. दुसरा लागेल तशी हवा देतो आणि दाब भरला की अनलोड होतो. अनलोड म्हणजे बंद नव्हे. मशीन हवा ओढायचं थांबवतं, पण मोटर फिरतच राहते आणि पूर्ण भाराच्या साधारण ३० टक्के वीज फुकट खात राहते. त्यांचा दुसरा कॉम्प्रेसर १०० तासांतले ४० तास लोडवर आणि ६० तास असा रिकामा फिरत होता. त्या जागी व्हीएफडी असलेला, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसर घ्या, असा माझा प्रस्ताव होता.

बातमी कळल्यावर मी जे केलं ते चुकलं. परचेसला जाऊन बसलो आणि म्हणालो, "साहेबांनी फायनल केलं होतं, तेवढी परचेस ऑर्डर काढा." परचेसवाले चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला. माझ्या मशीनचा इंडेंट, म्हणजे खात्यानं परचेसकडे करायची लेखी मागणी, कुठंच नव्हता. कोटेशन त्यांच्या फाईलला होतं, त्याची ३० दिवसांची मुदतही संपली होती. "इंडेंट नाही तर मी ऑर्डर कशावर काढू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार महिने ज्याला मी जवळपास झालेली ऑर्डर समजत होतो, ती कंपनीच्या कागदावर सुरूही झालेली नव्हती.

मार्चमध्ये नवे मेंटेनन्स मॅनेजर आले. पहिल्याच भेटीत मी पुन्हा तेच वाक्य बोललो, "आधीच्या साहेबांनी सगळं बघून ठरवलं होतं." ते शांतपणे म्हणाले, "मग त्यांनाच विचारा. मी अजून काही बघितलेलं नाही." भेट पाच मिनिटांत आटोपली. गाडीत बसल्यावर त्यांच्या जागी राहून विचार केला. नवीन माणूस आल्याआल्या १४.५ लाखांच्या कागदावर सही करतो, तीही आधीच्या माणसानं ठरवलेल्या मशीनवर. ते चाललं नाही तर दोष याचा, आणि चाललं तर नाव त्याचं. मी तरी सही केली असती का?

त्या रात्री मी जुन्या साहेबांना फोन केला. नव्या नोकरीबद्दल अभिनंदन केलं, घर मिळालं का विचारलं आणि मग म्हणालो, "साहेब, मला तीनच गोष्टी सांगा. फाईल नेमकी कुठपर्यंत गेली होती? विरोध कोणाचा होता? आणि तुमच्याशिवाय हा विषय आणखी कोणाला माहीत होता?" जुन्या कंपनीतला कागद किंवा दुसऱ्या कोणाचा दर मी मागितला नाही. ते मागणं बरोबर नाही, आणि मागितलं असतं तर त्यांनी पुढचंही सांगितलं नसतं.

ते मोकळेपणानं बोलले. कॅपिटल खर्चाची नोट त्यांनी लिहिली होती, पण मालकांपर्यंत गेलीच नव्हती. अकाउंट्सच्या प्रमुखांनी तोंडीच अडवली होती. काही वर्षांपूर्वी कोणीतरी वीज वाचवायचं यंत्र म्हणून एक पेटी गळ्यात मारली होती आणि बिलात एक रुपयाचा फरक पडला नव्हता. तेव्हापासून 'बचत' शब्द ऐकला की ते गृहस्थ कागद बाजूला ठेवतात. आणि विषय माहीत असणारा दुसरा माणूस? साहेब थोडं थांबले. म्हणाले, "कॉम्प्रेसर रूमचे मामा. बाकी कोणी नाही."

नव्या साहेबांना मी फोन करून सांगू का, असं त्यांनी आपणहून विचारलं. मी नको म्हटलं. जुन्या माणसाच्या शिफारशीनं नव्या माणसाची मान आणखी ताठ झाली असती. त्याऐवजी त्यांचे प्रॉडक्शन मॅनेजरांशी चांगले संबंध होते, त्यांना माझ्याबद्दल एक ओळ कळवा, एवढीच विनंती केली. प्रॉडक्शनला मशीन कोणाचं याच्याशी देणंघेणं नसतं, त्यांना दाब हवा असतो.

आता मला आधी हे बघायचं होतं की गरज अजून शिल्लक आहे की नाही. गरजच संपली असेल तर कोणालाही भेटून उपयोग नाही. एप्रिलच्या सुरुवातीला एका जुन्या फिल्टरच्या निमित्तानं, नव्या साहेबांची परवानगी घेऊन, मी कॉम्प्रेसर रूममध्ये गेलो. मामांनी स्टूल पुढं सरकवलं. "साहेब गेल्यापासनं ह्या खोलीत कोण फिरकलं न्हाई बघा," म्हणाले. "दुपारी ऊन तापलं की दोन नंबर टेंपरेचरवर ट्रिप हुतंय. मग मोल्डिंगवाले माझ्या नावानं वरडत्यात."

मी दोन नंबरच्या पॅनेलवरचे तासांचे आकडे बघितले. बहुतेक स्क्रू कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरमध्ये दोन मोजण्या असतात, एकूण चालल्याचे तास आणि लोडवर चालल्याचे तास. ऑक्टोबरमधल्या पॅनेलचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. साडेपाच महिन्यांत मशीन २,८०० तास चाललं होतं आणि त्यातले १,१२० तास लोडवर. म्हणजे पुन्हा तेच ४० टक्के. मीटर न लावता, कोणाकडं काही न मागता, दोन फोटोंवरून कळलं की दुखणं जागच्या जागी आहे. माणूस बदलला, मशीन तसंच रिकामं फिरत होतं.

ते दोन फोटो मी नव्या साहेबांना दाखवले. या वेळी कोटेशनचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणालो, "साहेब, माझे आधीचे आकडे बाजूला ठेवा. ते तुम्ही घेतलेले नाहीत. तुम्हाला योग्य वाटेल त्या दिवशी आपण पुन्हा मोजू, तुमचा माणूस सोबत घेऊन. मोजणीचे पैसे नाहीत आणि मोजल्यावर माझ्याकडून घ्यायचं बंधनही नाही." त्यांनी फोटो मोठे करून बघितले आणि विचारलं, "हवेची गळती किती आहे, बघितलंय कधी?"

बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर टाळलं होतं. गळती बंद झाली की हवेची गरज कमी होते, मशीन छोटं लागतं आणि माझी विक्री घटते. जुन्या साहेबांनी विचारलं नाही आणि मी काढलं नाही. नव्या साहेबांनी पहिल्याच प्रश्नात तिथं बोट ठेवलं, तेव्हा मला वाटलं की हा सौदा जिवंत व्हायचा असेल तर इथूनच होईल.

सुट्टीच्या दिवशी कारखाना पूर्ण बंद असताना आम्ही गळती मोजली. साहेब, मामा, त्यांचा एक फिटर आणि मी. पद्धत साधी आहे. हवा वापरणारं एकही यंत्र चालू ठेवायचं नाही, फक्त एक कॉम्प्रेसर सुरू करायचा आणि घड्याळ लावून बसायचं. गळती नसती तर दाब एकदा भरल्यावर मशीन पुन्हा लोड व्हायलाच नको. ते लोड होतं, कारण कुठून तरी हवा जात असते. आम्ही पाच फेऱ्या मोजल्या. सरासरी १०८ सेकंद लोड, २५२ सेकंद अनलोड. ३६० सेकंदांतले १०८, म्हणजे ३० टक्के. त्या मशीनची क्षमता मिनिटाला साधारण ३४० घनफूट. म्हणजे कारखान्यात एकही माणूस काम करत नसताना मिनिटाला १०० घनफूट हवा, विजेचे पैसे मोजून तयार केलेली, वाया जात होती.

बंद शेडमध्ये ती ऐकूही येत होती. फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथं, ग्राइंडरच्या होसला क्विक कपलर असतात, तिथं सगळ्यात जास्त. हवा गाळणाऱ्या एफआरएल युनिटचे फुटलेले बाउल, ओल धरलेले ड्रेन व्हॉल्व्ह, आणि कधीच्या काळी काढून टाकलेल्या मशीनची उघडी राहिलेली एक लाईन. साबणाचं पाणी लावत फिटरनं ४१ ठिकाणी चिठ्ठ्या बांधल्या. पुढचे तीन आठवडे त्यांच्याच माणसांनी दुरुस्ती केली. मी फक्त कपलर आणि सील कुठले घ्यायचे ते सांगितलं. सगळी गळती कधीच जात नाही. फेरमोजणीत ३० टक्क्यांवरून १५ वर आली, आणि कामाच्या दिवशी दुसऱ्या मशीनचा लोड ४० टक्क्यांवरून २५ वर.

आता माझं जुनं कोटेशन केवळ शिळं नव्हतं, चुकीचं ठरलं होतं. ५५ किलोवॉटचं व्हीएफडी मशीन २५ टक्के गरजेवर लावलं तर ते त्याच्या कमीत कमी वेगाच्याही खाली जाणार, आणि तेही लोड-अनलोड करत बसणार. ज्या रोगासाठी औषध, तोच रोग औषधाला. फ्लो मीटर आठवडाभर लावला, तेव्हा दुसऱ्या मशीनकडून लागणारी सर्वात जास्त हवा २१० घनफूट निघाली. ३७ किलोवॉटचं व्हीएफडी मशीन २२५ देतं. अंतर कमी आहे, पण हवेची मोठी टाकी आधीपासून होती आणि जुनं ५५ राखीव राहणार होतं.

ऑफिसात आमच्या मालकांना हे सांगणं सोपं नव्हतं. १४.५ लाखांचा सौदा मी आपल्या हातानं १० लाखांवर आणत होतो. ते म्हणाले, "मोठं घालून दे की, चालेल." पैशाचा विचार करता त्यांचं बरोबर होतं. पण नवे साहेब मोजणीला माझ्या शेजारी बसले होते. त्यांना आकडे माझ्याइतकेच पाठ होते.

नोट या वेळी मी लिहून दिली नाही. साहेबांनी लिहिली, मी कोष्टक तपासलं. इथं अकाउंट्सच्या प्रमुखांचा प्रश्न पुढं यायचा होता, म्हणून मीच साहेबांना म्हटलं की बचत दोन वेगळ्या ओळींत दाखवू. दुसऱ्या मशीनची आधीची सरासरी वीज ३४.८ किलोवॉट होती. गळती कमी झाल्यावर, जुन्याच मशीनवर, ती २८.५ झाली. हा ६.३ किलोवॉटचा फायदा माझ्या मशीनचा नाही, तुमच्या फिटरचा आहे, तो आधीच मिळालाय. नव्या मशीनवर ती १७.५ च्या आसपास जाईल. माझ्या मशीनचं श्रेय फक्त मधल्या ११ किलोवॉटचं. वर्षाला ६,००० तास धरले तर ६६,००० युनिट, त्यांच्या बिलातल्या सरासरी ९ रुपये दरानं ५ लाख ९४ हजार. मशीन आणि जोडणीचा खर्च १० लाख ६० हजार. म्हणजे २१ ते २२ महिने. ऑक्टोबरच्या प्रस्तावात हेच २६ महिने येत होते, आणि तेही दाब कमी करून होणारी बचत त्यात मिसळल्यावर.

अकाउंट्सच्या प्रमुखांना भेटायला साहेबच मला घेऊन गेले. पेटीचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. पाच मिनिटं रागानं बोलले, मी ऐकून घेतलं. मग कोष्टकातली गळतीची ओळ त्यांनी दोनदा वाचली. "हे पैसे तुम्ही तुमच्या मशीनच्या नावावर का नाही दाखवले?" "कारण ते माझ्या मशीनमुळं वाचलेले नाहीत." यानंतर ते पैशांच्या अटींवर आले. मला त्याचा आनंद झाला. ज्याला घ्यायचंच नसतं तो अटींवर बोलत नाही. त्यांचं म्हणणं होतं की १० टक्के रक्कम ६० दिवस अडकवून ठेवू. वेगळा वीज मीटर बसवायचा आणि सरासरी २० किलोवॉटच्या खाली आली तरच ती सोडायची. मी ऑफिसला फोन करून होकार मिळवला.

मग तीन कोटेशनचा नियम आला. नव्या साहेबांच्या आधीच्या कारखान्यात दुसऱ्या कंपनीचे कॉम्प्रेसर होते, त्यांचा त्यावर विश्वास होता आणि त्यांनी तेही मागवलं. माझ्यापेक्षा ७० हजारांनी स्वस्त. मी दर कमी केला नाही. परचेसच्या तुलनेच्या तक्त्यात एक ओळ वाढवायची विनंती केली, ४० टक्के भारावर किती वीज लागते आणि मशीन किती टक्क्यांपर्यंत वेग कमी करू शकतं. सगळे विक्रेते पूर्ण भाराचा आकडा देतात, मीही देतो. पण हे मशीन पूर्ण भारावर दिवसातून क्वचितच चालणार होतं. समोरचं मॉडेल ५० टक्क्यांच्या खाली वेग कमी करत नव्हतं, म्हणजे इथं ते बराच वेळ अनलोडमध्ये गेलं असतं. हे साहेबांनी स्वतः त्या विक्रेत्याला विचारून पक्कं केलं. मी सांगितलं असतं तर ती माझी टीका झाली असती.

मालकांची बैठक जूनच्या अखेरीला झाली. मला बोलावलं नव्हतं. नंतर कळलं ते असं की मालकांनी प्रॉडक्शन मॅनेजरांना एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला याची गरज आहे का?" उन्हाळ्यात दुपारी दोन नंबर ट्रिप झालं की मोल्डिंग किती वेळ थांबतं, याची नोंद मामा एप्रिलपासून वहीत करत होते. ती वही प्रॉडक्शनच्या साहेबांनी सोबत नेली होती. ती ठेवायला मी मामांना सुचवलं होतं, एवढाच माझा त्यात हात. ऑर्डर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आली. इंडेंट नंबर असलेली.

त्यानंतर चाकणच्या साहेबांना फोन करून कळवलं. त्यांना मनापासून बरं वाटलं. "माझं ५५ चं काय झालं?" एवढं विचारलं, आणि गळतीचं ऐकून म्हणाले, "ते मीच करायला हवं होतं." मी म्हटलं, विचारायला मीही हवं होतं.

सप्टेंबरमध्ये मशीन सुरू झालं. पहिल्या महिन्याच्या मीटरवर सरासरी १७.५ नाही, १८.६ आली. अकाउंट्सच्या साहेबांनी लगेच फोन केला. मी गेलो, मामांना घेऊन शेडमध्ये फिरलो. फेटलिंगमधले नवीन बसवलेले दोन कपलर पुन्हा फुसफुसत होते. फिटरनं माझ्यासमोर बदलले. दुसऱ्या महिन्यात १७.९ आली. १० टक्क्यांचा चेक घ्यायला गेलो तेव्हा गेटवरच्या वहीत 'कोणास भेटायचे' या रकान्यात मी चार जणांचे हुद्दे लिहिले. चौथा मामांचा होता. वॉचमन म्हणाला, "एवढ्या सगळ्यांना?" मी होय म्हटलं आणि आधी कॉम्प्रेसर रूमकडं वळलो.